सिप्रो दिलं, मग मेरोपेनेम कसं निकामी झालं? (स्युडोमोनास आणि त्याचा पंप)

वसुधा_सांगली

नमस्कार मंडळी. इथे लॅबमध्ये काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. उपचाराचा सल्ला नकोय, डॉक्टर आहेत त्यासाठी. मला फक्त रिपोर्ट समजून घ्यायचाय.

सासऱ्यांचं वय ७१, साखर बऱ्याच वर्षांपासून. उजव्या तळपायाला जखम आहे. एप्रिलमध्ये पू तपासायला दिला तर स्युडोमोनास एरुजिनोसा निघाला. यादीत सगळीकडे 'एस', म्हणजे औषध लागू पडेल असं होतं, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सुरू झाल्या. जखम आधी सुकत आली आणि मग पुन्हा ओली झाली. जुलैमध्ये परत पू दिला, परत स्युडोमोनास. दोन्ही रिपोर्टमधले एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या कमीत कमी प्रमाणाचे आकडे असे आहेत, आधीचा आणि आताचा ('आय' म्हणजे मधलं, 'आर' म्हणजे औषध लागू पडत नाही):

सिप्रोफ्लॉक्सासिन: ०.२५ (एस), आता २ (आर)
मेरोपेनेम: ०.५ (एस), आता ४ (आय)
सेफ्टाझिडिम: ४ (एस), आता १६ (आय)
अझ्ट्रिओनाम: ८ (एस), आता ३२ (आर)
इमिपेनेम: २ (एस), आता २ (एस)
अमिकासिन: ४ (एस), आता ४ (एस)

सिप्रो गेलं हे समजू शकते, तेच चालू होतं. पण मेरोपेनेम बाबांना आयुष्यात कधी दिलेलं नाही, अझ्ट्रिओनामचं तर नावही पहिल्यांदा वाचलं. न दिलेल्या औषधांना जंतू कसा काय सरावला? आणि मेरोपेनेम बिघडलं तर त्याचाच भाऊ इमिपेनेम जसाच्या तसा कसा? लॅबची चूक असेल का?

मिलिंद_ठाणे

ताई, आमच्या आईचं अगदी हेच झालं होतं. लघवीत ई-कोलाय, आणि वर्षभरात एकेक करत सगळी औषधं बंद पडली. आमचे डॉक्टर म्हणाले, शरीराला अँटिबायोटिकची सवय होते. म्हणून मी आता तापालासुद्धा गोळी घेत नाही.

चिकित्सक

शरीराला सवय होत नाही हो मिलिंदराव, जंतूला होते. वसुधाताई, हे एनडीएम दिसतंय, म्हणजे ज्याला पेपरवाले सुपरबग म्हणतात. त्यात प्लास्मिड नावाचा डीएनएचा तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्याच तुकड्यावर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुकं एकत्र बसलेली असतात. एक औषध दिलं की सगळा संच निवडला जातो. हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंग करताना लागला असणार.

पेट्री

चिकित्सक, प्लास्मिडबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण या रिपोर्टला ते लागू होत नाही. एनडीएम हे एंझाइम मेरोपेनेम फोडतं तसंच इमिपेनेमही फोडतं, दोन्हीचे आकडे सोबतच वर गेले असते. शिवाय एनडीएमला अझ्ट्रिओनाम फोडता येत नाही. इथे बरोबर उलटं चित्र आहे: इमिपेनेम शाबूत आणि अझ्ट्रिओनाम गेलेलं. त्यामुळे एनडीएम बाजूला ठेवा.

वसुधाताई, लॅबची चूक वाटत नाही. उलट आकडे इतके एकमेकांना धरून आहेत की मी निवृत्त नसते तर हा रिपोर्ट विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवून घेतला असता. चार औषधं, सगळ्यांचे आकडे चारपट ते आठपट वर. कुठलंही औषध शंभरपट वर गेलेलं नाही. आणि दोन औषधं तसूभरही हललेली नाहीत. एंझाइमने औषध फोडलं असतं तर उडी सहसा याहून मोठी दिसते आणि ती एकाच घराण्यातल्या औषधांत दिसते. इथे सिप्रोचं घराणं वेगळं, मेरोपेनेमचं वेगळं. सिप्रो जंतूच्या आत डीएनएपाशी काम करतं, तर मेरोपेनेम बाहेरच्या भिंतीच्या बांधकामावर. दोघांच्या रेणूंत नावापुरतंही साम्य नाही. तरी दोघं सोबत बिघडली, म्हणजे बिघाड औषधाच्या कामाच्या जागी नाही, त्या जागेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर आहे.

स्युडोमोनासमध्ये पहिला संशय 'मेक्स-ए-बी ओपीआर-एम' नावाच्या पंपावर जातो. तीन प्रथिनांचा तो संच आहे. आतल्या पडद्यात मेक्स-बी, बाहेरच्या पडद्यात ओपीआर-एमची नळी आणि दोघांना जोडणारं मेक्स-ए. आलेलं औषध उचलायचं आणि दोन्ही पडद्यांच्या पार, थेट बाहेर टाकायचं, एवढंच त्याचं काम.

आणि हा पंप सिप्रोमुळे जन्माला आला नाही. एप्रिलच्या जंतूतही तो होता, थोडा थोडा चालू होता. रिपोर्टची यादी पुन्हा बघा. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सेप्ट्रानसारखं सल्फा यांची नावं त्यात नाहीत. आम्ही स्युडोमोनाससाठी ती लावतच नाही, कारण त्यांना तो उपजतच दाद देत नाही, आणि त्यातला मोठा वाटा याच पंपाचा आहे. प्रयोगशाळेत हा पंप काढून टाकला की तोच जंतू या औषधांनी मरायला लागतो.

वसुधा_सांगली

धन्यवाद पेट्रीताई! पण मग एप्रिलमध्ये पंप होताच, तर सिप्रो तेव्हा 'एस' कसं आलं?

पेट्री

पंपाची जनुकं असणं वेगळं आणि पंप किती बनतात ते वेगळं. त्या जनुकांवर मेक्स-आर नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं, ते उत्पादन आवरून धरतं. त्याच्यामुळे जंतू गरजेपुरतेच पंप बनवतो. मेक्स-आर बिघडलं की लगाम सुटला, पंप भरमसाट.

आता यातली खोच बघा. मेक्स-आर हे १४७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते बिघडवायला नेमका अमुकच बदल हवा असं काही नाही. जनुकात कुठे एक अक्षर गळलं, कुठे मध्येच पूर्णविराम पडला, कुठे दुसराच डीएनएचा तुकडा येऊन घुसला, काहीही चालतं. मोडतोड करायला कौशल्य लागत नाही. म्हणून असे म्युटंट कोट्यवधी जंतूंत एखाद-दुसरे आपोआप तयार होतच असतात, औषध असो वा नसो. आणि पू झालेल्या जखमेत कोट्यवधी ही काही मोठी संख्या नव्हे.

म्हणजे बाबांच्या जखमेत एप्रिलमध्येही लगाम सुटलेले दोन-चार असू शकतील. रिपोर्ट मात्र बहुसंख्यांचा येतो. मग सिप्रो सुरू झालं. रक्तात ते पुरेसं असलं तरी मधुमेहाच्या पायात, जिथे रक्तपुरवठा कमी आणि मेलेलं मांस जास्त, तिथे ते तितकं पोचतंच असं नाही. जिथे जेमतेम पोचलं तिथे ०.२५ वाला जंतू मेला आणि २ वाला तगला. या तगलेल्याचा पंप सिप्रोबरोबर मेरोपेनेम, सेफ्टाझिडिम, अझ्ट्रिओनामही उपसतो. निवड सिप्रोने केली, बाकीच्यांचा बळी जाता जाता गेला.

रानमेवा

छान चाललाय धागा. एक बाळबोध प्रश्न. एन्झाइमला कुलूप-किल्लीसारखा ठराविक रेणू लागतो असं शाळेत शिकलो. मग एकच पंप इतके वेगवेगळे रेणू कसे ओळखतो?

टीप_बॉक्स

मी याच विषयावर पीएचडी करतोय (बंगळूरला, पंप ई-कोलायचा, पण मेक्स-बीचा सख्खा भाऊ), म्हणून उडी मारतो.

खरं तर तो 'ओळखत' नाहीच. ई-कोलायमधल्या भावाचं नाव एसीआर-बी. त्याची पहिली स्फटिकरचना २००२ मध्ये जपानमधल्या मुराकामी, यामागुची आणि सहकाऱ्यांनी काढली, आणि २००६ मध्ये औषध आत बसलेलं असतानाची. तीन सारखी प्रथिनं गोलात उभी असतात, पण कुठल्याही क्षणी तिघांची अवस्था निराळी. एक औषध आत घ्यायला उघडं, दुसऱ्याने ते घट्ट धरलंय, तिसरं नळीकडे सोडून देतंय. मग क्रमाने अवस्था बदलतात आणि चक्र फिरत राहतं. फिरवायला एटीपी लागत नाही. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनच्या ओढीवर हे चालतं.

औषध धरण्याची जी खोल खोबण आहे तिच्या भिंती फेनिलअॅलनीनसारख्या तेलकट अमिनो आम्लांनी भरलेल्या आहेत. जागा मोठी. त्यात वेगवेगळी औषधं वेगवेगळ्या कोपऱ्यांना टेकतात. अट एवढीच, की रेणूला थोडी तरी तेलकट बाजू हवी. सिप्रोला ती आहे, टेट्रासायक्लिनला आहे, साबणाला आहे, रंगांना आहे.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंप कुठून उचलतो. तो प्रामुख्याने पेशीच्या पोटातून उचलत नाही. दोन पडद्यांच्या मधल्या जागेतून आणि आतल्या पडद्याच्या बाहेरच्या थरातून उचलतो. मेरोपेनेमचं काम याच मधल्या जागेत असतं, ते पोटात जातच नाही. पंप पोटातूनच उपसणारा असता तर सिप्रो गेलं असतं आणि मेरोपेनेम वाचलं असतं.

चिकित्सक

हे पटलं. पण मग पंप इतका सर्वभक्षी असेल तर आकडे फक्त चार-आठ पटच का वाढले? अजून पंप बनवले की औषध शून्यावर यायला हवं.

पेट्री

चांगला मुद्दा. होडीला बारीक भोक असेल तर एक माणूस डब्याने पाणी उपसून ती तरती ठेवतो, भोक मोठं असेल तर चार माणसंही कमी पडतात. स्युडोमोनासचा बाहेरचा पडदा ई-कोलायच्या मानाने फारच घट्ट आहे, औषध आत झिरपतंच हळूहळू. म्हणून पंपाला फळ येतं. पण औषधाचा बाहेरचा साठा वाढवत गेलात तर झिरपण्याचा वेग उपशाला मागे टाकतो. ती मर्यादा थोडी वर सरकते, नाहीशी होत नाही. म्हणून केवळ पंपामुळे आलेली वाढ अशी मध्यमच असते.

यातूनच एक कटकट निर्माण होते. मेरोपेनेम ०.५ वरून ४ झालं तर रिपोर्टवर 'आय' छापून येतं. पण समजा, मूळ आकडा ०.२५ असता आणि आठपट होऊन २ झाला असता, तर छापलं असतं 'एस'. लगाम सुटलेलाच जंतू, पण कागदावर निर्दोष. नुसती एस-आर अक्षरं बघणाऱ्याला ते कधी कळत नाही. तुम्ही दोन्ही वेळचे आकडे जपून ठेवलेत म्हणून ही चर्चा तरी होतेय. बऱ्याच ठिकाणी डिस्क लावून फक्त अक्षर कळवतात.

वसुधा_सांगली

आकडे जपायचं श्रेय नवऱ्याला, तो सगळं एक्सेलमध्ये टाकतो. 😄

इमिपेनेमचं कोडं राहिलंच की.

टीप_बॉक्स

त्यावर मी लिहू का?

इमिपेनेमचा रेणू लहान आणि बऱ्यापैकी पाणीप्रेमी. मेरोपेनेमला बाजूला एक जादा वलय असलेला मोठा गट जोडलेला आहे. मेक्स-बीला पकडायला अशी काहीतरी बाजू लागते, इमिपेनेमवर त्याची पकड बसत नाही. त्यामुळे हा पंप कितीही वाढला तरी इमिपेनेमचा आकडा हलत नाही. अमिकासिनचंही जवळपास तेच. त्याच्यासाठी स्युडोमोनासकडे दुसरा पंप आहे, मेक्स-एक्स-वाय. तो चालू झाला असता तर अमिकासिन वर गेलं असतं.

म्हणजे 'मेरोपेनेम वर, इमिपेनेम जागेवर' ही मेक्स-ए-बी ची खूण. याच्या उलट चित्रही भेटतं: इमिपेनेम 'आर' आणि मेरोपेनेम ठीकठाक. तेव्हा पंप नव्हे, दार गेलेलं असतं. इमिपेनेम आत येण्यासाठी ओपीआर-डी नावाची एक वाट वापरतं, ती जंतूने बंद केली की इमिपेनेम बाहेरच राहतं. मेरोपेनेमही बरंचसं तिथूनच येतं, त्यामुळे त्याचाही आकडा थोडा वाढतो, पण त्या मानाने कमी.

मजा म्हणजे सिप्रो दोन्ही चित्रं तयार करू शकतं. स्युडोमोनासमध्ये मेक्स-टी नावाचा एक नियंत्रक आहे. तो जागा झाला की मेक्स-ई-एफ ओपीआर-एन हा तिसराच पंप वाढतो, जो सिप्रो उपसतो. आणि तोच मेक्स-टी त्याच वेळी ओपीआर-डी कमी करतो. म्हणजे पंप सिप्रोसाठी वाढला आणि इमिपेनेम मात्र दार बंद झाल्यामुळे गेलं, पंपाने त्याला हातही लावला नाही. वसुधाताईंच्या रिपोर्टमध्ये इमिपेनेम २ वर स्थिर आहे, म्हणून हा मार्ग इथे नाही.

चिकित्सक

म्हणजे सिद्ध झालं, मेक्स-आर तुटलंय. वा!

टीप_बॉक्स

सिद्ध नाही हो. मेक्स-आर शाबूत असतानाही हाच पंप वाढतो, नॅल-सी किंवा नॅल-डी ही दुसरी आवरणारी प्रथिनं बिघडली की. रिपोर्टवरून तिघांत फरक करता येत नाही. आणि माझी खरी शंका वेगळीच आहे. सिप्रो ०.२५ वरून २ झालं ते पूर्ण पंपामुळेच कशावरून? कदाचित डीएनए गायरेजमध्येही, म्हणजे सिप्रो ज्यावर काम करतं त्या एंझाइममध्येही बदल झालाय, त्याच्या गाय-ए या भागाच्या ८३ व्या जागी थ्रिओनीनचं आयसोल्यूसीन. क्लिनिकमधून आलेल्या सिप्रो-रेझिस्टंट स्युडोमोनासमध्ये हा बदल सर्रास सापडतो. पंप आणि गायरेज दोन्ही मिळूनही हा आकडा बनू शकतो.

पेट्री

तसं असतं तर सिप्रो याहून वर गेलं असतं असं मला वाटतं. पंप आधीच वाढलेला असताना वर गायरेज बदललं की आकडा ८-१६ च्या घरात जातो, निदान आमच्याकडे तरी असंच दिसायचं.

टीप_बॉक्स

सहसा हो. पण पंप दुप्पट-चौपटच वाढला असेल तर? सिक्वेन्सिंगशिवाय मी पैज लावणार नाही. 🙂 आणखी एक शक्यता कुणी बोललं नाही: जुलैचा जंतू एप्रिलच्याच वंशातला आहे कशावरून? पायाची जखम, ड्रेसिंग, पाणी. दुसराच स्युडोमोनास येऊन बसला असेल.

पेट्री

हे मान्य. तरी अमिकासिन आणि इमिपेनेमचे आकडे तंतोतंत तेच आहेत, त्यामुळे माझा कल एकाच वंशाकडे आहे. कल म्हणतेय, खात्री नव्हे.

रानमेवा

पंप वाढलाय हे थेट तपासायची सोय नाही का? इतक्या चाचण्या निघाल्यात.

टीप_बॉक्स

संशोधनाच्या लॅबमध्ये आहे. नीट पद्धत म्हणजे मेक्स-बी चा आरएनए मोजायचा आणि पीएओ-१ या प्रमाण स्ट्रेनशी तुलना करायची. तीनपट किंवा जास्त आला की 'वाढलेला' म्हणतात. जंतू वाढीच्या नेमक्या टप्प्यावर असताना आरएनए काढावा लागतो, जरा उशीर झाला की आकडे भलतेच येतात. म्हणून रोजच्या लॅबमध्ये हे कुणी करत नाही.

सोपी वाटणारी पद्धत म्हणजे पंपाला अडवणारं पीए-बीटा-एन नावाचं रसायन. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये एका ओळीत नुसतं लिव्होफ्लॉक्सासिन, दुसऱ्या ओळीत तेच आणि मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम पीए-बीटा-एन. दुसऱ्या ओळीत आकडा धाडकन खाली आला की पंपाचा हात आहे असं म्हणायचं. पण यात दोन खड्डे आहेत (प्लेटमधल्या ९६ शिवायचे). एक, साध्या जंतूतही थोडे पंप चालू असतातच, त्यामुळे त्याचाही आकडा खाली येतो. सोबत मूळ स्ट्रेन लावला नाही तर निष्कर्ष काढता येत नाही. दोन, हे रसायन पंप अडवतं तसं बाहेरच्या पडद्यालाही भोकं पाडतं. मग औषध पंप बंद झाल्यामुळे आत साठलं की पडदा फाटल्यामुळे आत शिरलं, कळायचं कसं? म्हणून आम्ही मॅग्नेशियम सल्फेट घालून पुन्हा करतो. मॅग्नेशियम पडदा सांभाळून धरतं. तरीही आकडा खाली आला तर पंपावर विश्वास बसतो.

औषधनिर्माता

पीए-बीटा-एनचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होतो, पंप अडवणाऱ्या रेणूंवर काही काळ काम केलंय. वाचणाऱ्यांच्या मनात येणारच की अडवणारं रसायन आहे तर ते सिप्रोबरोबर गोळीत का घालत नाहीत. पीए-बीटा-एनची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा आम्हालाही हेच वाटलं होतं. पण त्या रेणूचे जे धनभारित गट पंप अडवायला लागतात, तेच मूत्रपिंडाला त्रास देतात. गट काढले की विषारीपणा कमी आणि काम बंद. शिवाय सिप्रो आणि अडवणारं रसायन दोन्ही जखमेत एकाच वेळी, योग्य प्रमाणात हजर हवीत. दोघांचा शरीरातून बाहेर पडायचा वेग वेगळा असेल तर अर्धा दिवस जंतूला मोकळं रान. आजवर असा एकही रेणू माणसांसाठी मंजूर होऊन बाजारात आलेला नाही.

रानमेवा

मग आपल्या वनस्पतींत नाही का काही? दारूहळदीतलं बर्बेरीन जंतुनाशक आहे. सर्पगंधेबद्दलही वाचलंय की ती पंप बंद करते. जखमेवर दारूहळदीचा काढा लावला तर?

औषधनिर्माता

दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण जंतू वेगळा. सर्पगंधेतलं रिझर्पीन स्टॅफिलोकॉकसचा नॉर-ए हा पंप अडवतं. मात्र त्यासाठी लागणारं प्रमाण इतकं जास्त की माणसाला आधी त्रास होईल. दारूहळदीची गोष्ट जास्त गमतीची. बर्बेरीन स्वतः पंप अडवत नाही. उलट नॉर-ए त्यालाच बाहेर फेकतो, म्हणून एकट्या बर्बेरीनचा स्टॅफिलोकॉकसवर प्रभाव कमी. २००० साली फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बर्बेरिस वर्गातल्या काही झाडांच्या पानांत आणखी एक रेणू असतो, मेथॉक्सिहिडनोकार्पिन. त्याला स्वतःची जंतुनाशक ताकद जवळजवळ नाही, पण तो नॉर-ए अडवतो आणि मग बर्बेरीन काम करतं. झाड दोन्ही सोबत बनवतं.

स्युडोमोनासला हे लागू नाही. स्टॅफिलोकॉकसला एकच पडदा. इथे दोन पडदे आणि पंपाची जातही निराळी. मधुमेहाच्या उघड्या जखमेवर कुठलाही काढा कृपया लावू नका.

मिलिंद_ठाणे

म्हणजे माझ्या आईच्या ई-कोलायमध्येही हाच पंप असणार! एकेक करत औषधं गेली ती त्यामुळेच तर.

पेट्री

असेलच असं नाही. एकेक करत जाणं आणि एकदम जाणं यात फरक आहे. लघवीतल्या ई-कोलायमध्ये सेफालोस्पोरिन गेली तर आधी एंझाइमचा संशय घ्यायचा, चिकित्सक म्हणाले तशी प्लास्मिडवरून आलेली. ई-कोलायकडेही पंप आहे, टीप_बॉक्स ज्यावर काम करतात तोच. पण तो मुळात आतड्यातलं पित्त बाहेर टाकायला असतो, त्याच्याशिवाय जंतू आतड्यात टिकणार नाही. रिपोर्ट असेल तर आकडे टाका, नुसत्या आठवणीवरून सांगता यायचं नाही.

मिलिंद_ठाणे

रिपोर्ट आता कुठला, सात-आठ वर्षं झाली. असो.

वसुधा_सांगली

एक शेवटची शंका. सिप्रो आता थांबवलंय. मग पंप पुन्हा कमी होतील का? म्हणजे थोडे महिने गेल्यावर मेरोपेनेम परत 'एस' होईल?

पेट्री

मेक्स-आर तुटलेलं असेल तर त्या जंतूत आपोआप जुळून येणार नाही. औषध थांबवलं तरी त्याची पिल्लं तशीच. एवढे पंप बनवणं जंतूला थोडं महाग पडतं, त्यामुळे औषध नसताना लगाम शाबूत असलेले त्याला मागे सारू शकतात. पण ते जखमेत उरलेत का, हाच प्रश्न. उरले असले आणि पुढचा रिपोर्ट 'एस' आला, तरी जुने दोन-चार कोपऱ्यात असतीलच.

मेक्स-एक्स-वायचं मात्र वेगळं. रायबोसोमवर काम करणारी औषधं असेपर्यंत तो वाढतो आणि औषध गेलं की पुन्हा खाली येतो. तिथे म्युटेशनची गरजच नसते.

टीप_बॉक्स

'महाग पडतं' यावर आमच्या लॅबमध्ये रोज भांडणं होतात. काही स्ट्रेनमध्ये काहीच तोटा दिसत नाही. त्यामुळे मी त्या आशेवर राहणार नाही.

चिकित्सक

हे पंप सिप्रोच्या आधीपासून होते म्हणता, त्याला पुरावा?

टीप_बॉक्स

वर पीएओ-१ म्हणालो तोच. १९५४ साली मेलबर्नमध्ये एका जखमेतून वेगळ्या केलेल्या जंतूचा तो वंशज. सिप्रो बाजारात येण्याच्या तीसेक वर्षं आधी. २००० साली त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, त्यात या जातीच्या पंपांचे डझनभर संच सापडले. मेक्स-ए-बी त्यातलाच एक.

वसुधा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सर्जनना भेटून आलो. दोन्ही रिपोर्टमधले आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले तर त्यांनी बराच वेळ बघितले. पुढच्या आठवड्यात जखम आतून खरवडून साफ करणार आहेत आणि वरचा पू न पाठवता आतला, हाडाजवळचा तुकडा कल्चरला देणार आहेत. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलरही सांगितलाय. इमिपेनेम द्यायचं का, ते तुकड्याचा रिपोर्ट बघून ठरवतील.

पेट्री

हे उत्तम झालं. मेलेलं मांस निघालं की निम्मं काम होतं आणि आतल्या तुकड्याचा रिपोर्ट पुवापेक्षा भरवशाचा. इमिपेनेम सुरू झालंच तर नंतरच्या कल्चरमध्ये त्याच्या आकड्यावर लक्ष ठेवा. हा पंप त्याला हात लावत नाही हे खरं, पण ओपीआर-डीचं दार बंद केलेले म्युटंटही अशाच संख्येने पडून असतात आणि एकट्या इमिपेनेमवर ते वर येतात. २ चा ८ झाला तर डॉक्टरांना तारखेसकट दाखवा. एक्सेलमध्ये रकाना आहेच.

टीप_बॉक्स

आणि तुमच्या लॅबने दोन्ही वेळचे जंतू गोठवून ठेवले असतील तर विचारून बघा. मेक्स-आर आणि गाय-ए दोन्ही जनुकं वाचली की माझा आणि पेट्रीताईंचा वाद मिटेल.

वसुधा_सांगली

विचारलं. एप्रिलचा टाकून दिलाय, जुलैचा आहे म्हणाले.